बुकिंग लिंक: सात महिन्यांच्या वापरानंतर

जळगावात माझे कर सल्ल्याचे कार्यालय आहे. 31 जुलैपूर्वीची विवरणपत्रांची गर्दी लक्षात घेऊन मी मे महिन्यात बुकिंग लिंक वापरायला घेतली. ती उघडली की माझ्या कॅलेंडरवरच्या मोकळ्या वेळा दिसतात आणि समोरचा त्यांतली एक स्वतः निवडतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. माझी सात महिन्यांची डोकेदुखी मात्र तिच्यासोबत लिहायच्या दोन ओळींची होती.

"कृपया खालील लिंकवर आपली वेळ बुक करावी," एवढाच निरोप मी सर्वांना पाठवत असे. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांचे, त्यांच्या वडिलांपासूनचे, काम आमच्याकडे आहे. त्यांचे उत्तर आले, "भाऊ, आता तुमची डायरी बी आम्हीच भरायची का?" त्यांचे चुकले नव्हते. बँकेच्या व्याजाच्या आकड्यांचा मेळ बसत नसल्यामुळे भेट मलाच हवी होती आणि वेळ शोधण्याचे काम मात्र मी त्यांच्यावर टाकले होते. भेट ज्यांनी स्वतःहून मागितली, त्यांच्यापैकी कोणालाही हीच लिंक कधी खटकली नाही.

मग मी "आपणांस तसदी देत आहे, क्षमस्व" अशी जोड दिली. ती अधिकच वाईट ठरली, कारण क्षमा मागताच काम ढकलल्याची कबुली दिल्यासारखे होते.

आता भेट मला हवी असेल, तर मी असे लिहितो: "व्याजाच्या दोन नोंदींविषयी पंधरा मिनिटे बोलायचे आहे. मंगळवारी सव्वाअकरा किंवा बुधवारी पाच, यांपैकी सोयीची वेळ कळवावी, मी नोंदवून घेतो. दोन्ही जमत नसतील, तर माझ्या इतर मोकळ्या वेळा या लिंकवर दिसतील." लिंक शेवटी येते आणि ती न उघडताही काम होते.

एवढ्यावर मी समाधानी होतो, पण जुलैत एकदा फजिती झाली. व्यापाऱ्यांना सुचवलेली सव्वाअकराची वेळ दुसऱ्या अशिलाने त्याच लिंकवरून घेतली आणि तासाभराने व्यापाऱ्यांचा त्याच वेळेसाठी होकार आला. शब्द मी दिला होता, पण कॅलेंडरवर ती वेळ मोकळीच होती. तेव्हापासून निरोप पाठवण्यापूर्वी दोन्ही वेळा मी कॅलेंडरवर अडवून ठेवतो. अडवलेली वेळ लिंकवर दिसत नाही; मात्र अशा नोंदीवर "व्यस्त" अशीच खूण असावी लागते, "उपलब्ध" राहिल्यास ती वेळ पुन्हा खुली दिसते. होकार आला की दुसरी वेळ मी मोकळी करतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्यास दोन्ही.

हे हाताने करावे लागते, म्हणून सशुल्क आवृत्तीचा विचार केला होता. दिवसाला असे तीन-चार निरोप जातात. तेवढ्यासाठी दरमहा पैसे मोजणे मला पटले नाही.

व्यापाऱ्यांनी लिंक आजवर उघडलेली नाही. ते ध्वनिसंदेशात "मंगळवार" एवढेच म्हणतात आणि मी नोंद करतो. त्यांच्या मुलाने मात्र परवा रात्री साडेदहाला, मी न विचारता, त्याच लिंकवरून शनिवारची वेळ घेतली.