एकट्याची शिल्लक की शेजाऱ्यांची वर्गणी?

समजा, एका वाडीत 100 घरे आहेत, प्रत्येक घर 3 लाखांचे आहे आणि वर्षाला सरासरी एक घर आगीत जळते. एखाद्या कुटुंबाने स्वतःपुरते दरवर्षी 3,000 रुपये बाजूला टाकले, तर घराइतकी रक्कम जमायला 100 वर्षे लागतील. आग मात्र दुसऱ्याच वर्षी लागू शकते, आणि तेव्हा हाती जेमतेम 6,000 रुपये असतील. आग लागली नाही तर शिल्लक स्वतःचीच राहते, हा या मार्गाचा खरा फायदा.

तेच 3,000 रुपये सर्वांनी सामाईक निधीत टाकले, तर पहिल्याच वर्षी 3 लाख जमतात आणि जळालेले घर पुन्हा उभे राहते. बाकीच्यांना वर्गणी परत मिळत नाही, पण ती वाया गेली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण वर्षभराचे संरक्षण त्यांनाही मिळालेले असते. मात्र एखाद्या वर्षी दोन किंवा अधिक घरे जळण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते, म्हणून वर्गणी थोडी वाढवून गंगाजळी राखावी लागते. शिवाय हे गणित प्रत्येक आग स्वतंत्र असेल तरच जुळते. घरे गवताने शाकारलेली आणि एकमेकांना खेटून असतील, तर एका ठिणगीने सारी आळी पेटते आणि निधी त्याच दिवशी अपुरा पडतो. अशा वाडीने दूरच्या वाड्यांनाही निधीत सामील करून घ्यावे.