बार्नी की बॅजर?

लहान मुलाला मृत्यू समजावताना या दोनपैकी कोणतं चित्रपुस्तक वाचावं? ज्युडिथ व्हायोर्स्ट यांच्या ‘द टेन्थ गुड थिंग अबाउट बार्नी’मध्ये (1971) बार्नी हे मांजर मेलं, हे पहिल्याच ओळीत सरळ सांगितलंय. आई मुलाला बार्नीच्या दहा चांगल्या गोष्टी आठवायला सांगते. नऊ सुचतात, दहावी वडिलांसोबत बागेत काम करताना सापडते. मातीत मिसळून बार्नी फुलांना वाढवतोय!

सुसान वार्लींच्या ‘बॅजर्स पार्टिंग गिफ्ट्स’मधला (1984) म्हातारा बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, मात्र लांब बोगद्यातून पळत जातो. चार वर्षांचं मूल हमखास विचारणार, “मग परत कधी येणार?” तिथे थांबून “तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं” असं स्वतः सांगावं लागतं.

तरी आजोबा गेले असतील तर मी बॅजरच निवडेन. त्याने शिकवलेली टायची गाठ कोल्ह्याकडे उरते. तसं आजोबांनी काय शिकवलं, हे मूल लगेच सांगू लागतं.