होम लोन, जवळपास वर्षभरानंतर: व्याजदर ठीक, पण हप्ता कमी करून दिला त्याचा राग अजून आहे

कासारवडवलीच्या फ्लॅटसाठी मार्च २०२५ च्या शेवटी ५० लाखांचं कर्ज घेतलं, मुदत २० वर्षं. रेपो म्हणजे काय, ईएमआय म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून लिहितो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते बऱ्याच बँकांत होतं.

घेताना शेवटी दोन ऑफर उरल्या होत्या. पहिली बँकेची: रेपोशी जोडलेला फ्लोटिंग दर, तेव्हाचा रेपो ६.२५ अधिक स्प्रेड २.२५, म्हणजे ८.५० टक्के. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून १४,७५०. दुसरी एका हाउसिंग फायनान्स कंपनीची: पहिली तीन वर्षं ८.२५ टक्के फिक्स्ड, त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या पीएलआरवर फ्लोटिंग. तिची फी जीएसटीसकट २९,५००, आणि कर्जाचा विमा १ लाख १० हजारांचा, एकरकमी, कर्जातच जोडून.

एजंटने कागदावर मांडून दाखवलं ते असं. ८.५० ने हप्ता ४३,३९१, वीस वर्षांत व्याज ५४.१४ लाख. ८.२५ ने हप्ता ४२,६०३, व्याज ५२.२५ लाख. म्हणजे कंपनीकडे गेलात तर १ लाख ८९ हजार वाचले. आकडे बरोबर होते. पण त्या कागदावर विमा नव्हता. १ लाख १० हजार कर्जात घातले की त्यावरही वीस वर्षं ८.२५ ने व्याज बसतं आणि ते एकूण सव्वादोन लाखांना पडतात. त्यात फीचा जवळपास पंधरा हजारांचा फरक मिळवा. वाचलेले १ लाख ८९ हजार तिथेच संपले, वर ५० हजार आपल्याच खिशातून गेले. माझा टर्म प्लॅन आधीपासून होता, त्यामुळे मला त्या विम्याचा उपयोग नव्हता. ज्यांच्याकडे काहीच कव्हर नाही त्यांनी विमा जरूर घ्यावा, पण स्वतंत्र घ्यावा आणि त्याचा हप्ता खिशातून भरावा. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

मुद्रांकाचं वेगळं. महाराष्ट्रात कर्जाच्या ०.३ टक्के लागतो, ५० लाखांवर १५ हजार. तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून तुलनेत धरायचा नाही. उद्या कर्ज दुसरीकडे हलवलं तर मात्र तो पुन्हा भरावा लागतो, हे लक्षात ठेवा.

आता कंपनीच्या ऑफरचा खरा प्रश्न चौथ्या वर्षी येतो. तीन वर्षं ८.२५ ने भरत गेलो तर बाकी राहते ४६ लाख ६५ हजार. म्हणजे १५ लाख ३३ हजार भरून मुद्दल उतरलं फक्त ३ लाख ३५ हजार. सुरुवातीच्या वर्षांत असंच असतं. तिथून दर ९.२५ झाला असं धरू. कंपनी हप्ता ४२,६०३ वरच ठेवते आणि मुदत वाढवते. उरलेले २०४ हप्ते २४२ होतात. एकूण व्याज जातं ६८ लाख ४५ हजारांवर, म्हणजे एजंटच्या कागदापेक्षा सोळा लाख जास्त. तोच ९.२५ दर, पण मुदत तशीच ठेवून हप्ता ४५,४५० केला तर एकूण व्याज ५८ लाख. एकाच दराने दहा लाखांचा फरक पडतो तो फक्त या एका निवडीमुळे.

बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कला जोडणं बंधनकारक आहे आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, पीएलआर त्या स्वतः ठरवतात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं कर्ज अशाच कंपनीचं आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला तेव्हा त्याचा दर तत्परतेने चढला. २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा नवीन ग्राहकांना कमी दर मिळाला आणि त्याला सांगितलं की कन्व्हर्जन फी भरा, मग कमी करू. हे बघून मी बँकेकडे गेलो.

फिक्स्ड वाईटच असं मात्र नाही. दर चढत असतील तर तीन वर्षांचं संरक्षण खरं असतं. ५० लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला साधारण ५० हजार. पण ते संरक्षण तीन वर्षांचंच, आणि फिक्स्ड काळात पार्ट पेमेंटवर दंड असू शकतो. फ्लोटिंगवर वैयक्तिक कर्जदाराला तो लागत नाही. शेवटपर्यंत फिक्स्ड असलेली ऑफर मला एकाच ठिकाणी मिळाली आणि तिचा दर इतका वर होता की विचारच केला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एप्रिल २०२५ मध्ये रेपो ६ झाला, जूनमध्ये ५.५०. माझा रीसेट १ जुलैला. दर ८.५० वरून ७.७५ झाला, बरोबर झाला, न मागता झाला. इथवर बँकेला पूर्ण मार्क. पण जुलैचा हप्ता खात्यातून गेला तो ४१,०६७. मला न विचारता हप्ता कमी केला आणि मुदत तशीच ठेवली.

घरात सगळ्यांना बरं वाटलं, महिन्याला २,३२४ वाचले. मी मात्र त्याच रात्री शीट उघडलं. ४१,०६७ ने २४० हप्ते पूर्ण भरले तर एकूण व्याज ४८ लाख ६३ हजार. जुना ४३,३९१ चा हप्ता चालू ठेवला तर कर्ज २१३ हप्त्यांत संपतं, व्याज ४२ लाख २६ हजार. फरक ६ लाख ३७ हजारांचा. स्वतः करून बघायचं असेल तर:

```
=NPER(7.75%/12,-43391,4975907)
```

यातला शेवटचा आकडा म्हणजे तीन हप्त्यांनंतरची बाकी. उत्तर येतं २०९.६, म्हणजे उरलेले हप्ते.

शाखेत गेलो. अधिकारी म्हणाले, "साहेब, हप्ता कमी झाला की लोक खूश होतात, तुम्ही पहिलेच आलात वाढवून मागायला." मग म्हणाले, सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही. मग वागळे इस्टेटच्या लोन सेंटरला पाठवलं, तिथून पुन्हा शाखेत. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक दाखवलं तर म्हणाले, ते दर वाढतो तेव्हासाठी आहे. हे खरं आहे, हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड त्यात मुख्यतः दरवाढीच्या बाबतीत दिली आहे. पण मी जास्त पैसे देतो म्हणतोय आणि ते घ्यायला इतकी टाळाटाळ, हे मला आजही पटत नाही. शेवटी हप्ता ४३,३९१ वर कायम ठेवावा असा लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि नोडल अधिकाऱ्याला मेल केला की तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर लोकपालाकडे जाईन. तीस दिवस लागले नाहीत. सप्टेंबरपासून जुना हप्ता सुरू झाला. मधल्या दोन महिन्यांचा फरक मी पार्ट पेमेंट म्हणून भरला.

काही जण म्हणतील, २,३२४ दर महिन्याला दुसरीकडे गुंतवा. जरूर, पण तिथे करानंतर ७.७५ पेक्षा जास्त हमखास मिळायला हवं. पीपीएफ ७.१ देतो. आणि गुंतवायचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे आमच्या घरात तरी शाळेच्या फीमध्ये जातात. ज्यांचं महिन्याचं गणित घट्ट आहे त्यांनी कमी हप्ता घ्यावा, त्यात काही गैर नाही. फक्त तो त्यांनी निवडलेला असावा.

जानेवारी २०२६ ची भर: डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ झाला. या वेळी रीसेटच्या आधीच मेल आला, हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारणारा. दर ७.५०, हप्ता तोच, उरलेले हप्ते १९७. दर इथेच राहिला तर एकूण व्याज साधारण ३९ लाख ३६ हजार, सुरुवातीच्या ५४ लाखांच्या जागी. आधी शाखेला दोन तारे देणार होतो, आता साडेतीन देतो. बाकीचे दीड जुलैचे.

ऑफर बघत असाल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं आणि त्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यातला एपीआर फी आणि विमा धरून काढलेला असतो, म्हणून एजंटच्या कागदापेक्षा तो खरा. पण फ्लोटिंगचा एपीआर आजचाच दर वीस वर्षं राहील असं धरतो, तेवढी त्याची मर्यादा. त्याच तक्त्यात एक बारीक ओळ असते: बेंचमार्क पाव टक्का हलला तर हप्ता किती बदलेल आणि हप्त्यांची संख्या किती बदलेल. ती ओळ दोन्ही ऑफरची शेजारी ठेवून वाचा. बेंचमार्कच्या रकान्यात रेपो लिहिलंय की कंपनीचा स्वतःचा दर, तेही तिथेच दिसतं. आणि सही करतानाच लेखी घ्या की दर उतरला तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची. आमच्या सोसायटीतल्या दोघांनी परवा सँक्शन लेटरमध्ये ती ओळ घालून घेतली, शाखेने फारशी खळखळ केली नाही.