‘डीएनएस पसरतंय’ असे सांगून उकळलेले अडीच हजार रुपये

कोल्हापुरात शाहूपुरीत माझ्या मामांचा गुळाचा व्यापार आहे. त्यांची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम घेतलेल्या माणसाने सोमवारी ‘पत्ता बदलला, डीएनएस पसरतंय, आता अठ्ठेचाळीस तास थांबा’ असे सांगितले आणि गुरुवारी ‘सगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नोंद पुढे ढकलण्यासाठी’ अडीच हजार रुपये मागून घेतले. अशी सेवा अस्तित्वातच नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून, म्हणजे डोमेनवरून, तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिच्यातली डोमेनची नोंद कोणी कुठे ढकलत नसते. मूळ नोंद डोमेनच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे त्या नावाचा अधिकृत पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर असते आणि तिथे केलेला बदल बहुधा काही मिनिटांतच लागू होतो. उशीर होतो तो आपल्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरने जुने उत्तर साठवून ठेवलेले असते म्हणून. ते किती सेकंद ठेवायचे हे नोंदीसोबतच्या टीटीएल या आकड्यावर ठरते. मामांच्या नोंदीवर तो 14400, म्हणजे चार तास होता. त्यामुळे सोमवारी खरोखर बदल झाला असता, तर फार तर मंगळवारपर्यंत नवी साइट दिसायला हवी होती.

शंका आल्यावर मी लॅपटॉपवर दोन ठिकाणी विचारणा केली. येथे मामांच्या डोमेनऐवजी नमुन्याचे नाव दिले आहे.

```
dig @ns1.example.com example.com A
dig @8.8.8.8 example.com A
```

पहिली आज्ञा थेट मूळ नेमसर्व्हरला विचारते, दुसरी गुगलच्या सार्वजनिक सर्व्हरला. दुसऱ्या उत्तरातील सेकंदांचा आकडा पुन्हा विचारल्यावर कमी होत जातो आणि तो संपला की सर्व्हर मूळ ठिकाणी नव्याने चौकशी करतो. (गुगलकडे असे अनेक साठे असल्याने आकडा मध्येच वर उडी घेतो, त्याने गोंधळू नये.) विंडोजवर `nslookup example.com ns1.example.com` चालते.

आमच्याकडे मूळ नेमसर्व्हरच जुना पत्ता सांगत होता. म्हणजे बदल झालाच नव्हता आणि आणखी महिनाभर थांबलो असतो तरी काहीही पसरले नसते.

नेमसर्व्हरच बदलले असतील, तर मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या बोलण्यात तथ्य असू शकते, कारण .com च्या यादीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. अशा वेळी `dig +trace example.com` चालवून .com चे सर्व्हर कोणती नावे देतात ते पाहावे. तिथेही जुनीच नावे असतील, तर बदल अजून नोंदणी कंपनीकडून पुढे गेलेलाच नाही.

डोमेनचे खाते सुदैवाने मामांच्याच नावावर होते. त्यांनी लॉगिन केले, आम्ही नोंदीत नवा पत्ता घातला आणि पहिल्या आज्ञेचे उत्तर लगेच बदलले. दुकानातल्या मोबाइलवर नवी साइट त्याच संध्याकाळी उघडली. अडीच हजार परत मागितल्यापासून तो माणूस फोन उचलत नाही.