बीपी मशीनची पुस्तिका मराठीत: कॅमेरा रोखून वाचावी की फोटो काढून?

मशीन घरी आलंय, पुस्तिका मात्र परक्या भाषेत. मोबाईलवर दोन सोयी आहेत. भाषांतराच्या ॲपमधून कॅमेरा पानावर रोखून तिथल्या तिथे मराठी वाचायची, किंवा पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर निवडून भाषांतर करायचं.

पट्टा बांधायच्या पानाला पहिली सोय बरी पडते, कारण चित्र आणि मजकूर एकत्र दिसतो. पण मराठी अक्षरं चित्रावरच चढतात आणि नळी कुठून निघते तेच झाकलं जातं. म्हणून चित्र कागदावरच बघा. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून साधारण १ ते २ सेंमी वर आणि नळी तळहाताच्या दिशेने, असं बहुतेक मशीनचं असतं. ॲपने '१२ सेंमी' दाखवलं, तर १ आणि २ मधली बारीक रेघ सुटली असं समजा. १२ सेंमी वर बांधला तर पट्टा काखेत जाईल. दंडाचा घेर फीत लावून मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो.

एररच्या तक्त्याला मात्र फोटोच हवा. कॅमेरा हलला की ओळी सरकतात. समजा एका ओळीत E1 म्हणजे पट्टा सैल आणि पुढच्या ओळीत E2 म्हणजे मोजताना हात हलला, असं छापलंय. ओळ सरकली की तुम्ही पट्टा आवळत बसता आणि हात हलतच राहतो. पान सपाट ठेवा, चकाकी टाळा आणि एकेक ओळ कापून भाषांतर करा. शेवटी कोड मोजा, मराठी ओळीही तितक्याच हव्यात. दुसऱ्या कंपनीचा तक्ता वापरू नका. E1 चा अर्थ प्रत्येकाकडे वेगळा असू शकतो.

डॉक्टरांबद्दलचा भाग दोन्हींपैकी कशावरही सोडू नये, भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. तिथे 'आणि'चं 'किंवा' झालं तरी घोटाळा होतो. पुस्तिकेत काहीही असो, पाच मिनिटं शांत बसून घेतलेल्या मोजण्यांची काही दिवसांची सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी आपली आपण कमी-जास्त करू नका. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर गेला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर पुन्हा मोजत न बसता थेट इमर्जन्सीत जा.