सहा महिने चार बाटल्या: लेबल वाचून साफसफाई करण्याचा अनुभव

आमच्याकडे बोअरवेलचं पाणी आहे. नळांवर, टाइल्सवर पांढरा थर चढतो आणि भांड्यांच्या साबणाने तो हलतही नाही. म्हणून दिवाळीच्या सफाईला बाथरूम क्लीनर आणला. थर दोन मिनिटांत गेला. त्या आनंदात तोच स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ओतला. बुडबुडे आले, मी पुसून घेतलं आणि ओटा वाळल्यावर त्यावर हातभर लांबीचा राखाडी, निस्तेज डाग उमटला. तेल चोळलं की तो दोन दिवस लपतो, पुन्हा वर येतो. पॉलिशवाल्याने सांगितलं, "हा डाग नाही, दगडच खाल्ला गेलाय." कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड. नळावरचा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. क्लीनरमधल्या ॲसिडला दोन्ही सारखेच. ग्रॅनाइटचं असं होत नाही.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीची मागची बाजू वाचते. पुढच्या बाजूला 'बाथरूम', 'किचन', 'मल्टिपर्पज' असं लिहिलेलं असतं, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. घटकांची पूर्ण यादीही बऱ्याचदा नसते. मला सर्वांत उपयोगी पडली ती 'यावर वापरू नका' ही ओळ. संगमरवर किंवा नैसर्गिक दगडावर वापरू नका असं असेल तर बहुतेक ॲसिड. ॲल्युमिनियमवर नको आणि त्वचा भाजू शकते, असं एकत्र असेल तर मी आधी अल्कली धरते. पण ॲल्युमिनियमला ॲसिडही चालत नाही, तेव्हा घटकाचं नाव शोधतेच. ज्योतीपासून दूर ठेवा म्हटलं असेल तर त्यात द्रावक आहे.

नावं फार पाठ करावी लागत नाहीत. संडास साफ करायच्या दाट निळ्या द्रवावर बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड, १० टक्क्यांच्या आसपास, असं छापलेलं असतं. सौम्य बाथरूम क्लीनरमध्ये सायट्रिक किंवा लॅक्टिक ॲसिड असतं. तुंबलेल्या पाइपसाठीच्या पावडरीत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. काचेच्या स्प्रेमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल. भांड्यांच्या लिक्विडमध्ये लॉरिल ईथर सल्फेटसारखं काहीतरी, तोच सर्फॅक्टंट, म्हणजे तेलकट मळ सोडवणारा साबणासारखा घटक.

यात एक गोष्ट मला उशिरा कळली. सर्फॅक्टंट जवळजवळ प्रत्येक बाटलीत थोडा असतो, ॲसिडवाल्या बाटलीतसुद्धा. त्यामुळे फेस आला म्हणजे साधा साबणच, असं धरायचं नाही.

लेबलवर काहीच सापडलं नाही तर घरातच दोन परीक्षा होतात. हातमोजे घालून एक थेंब अंड्याच्या टरफलावर टाकायचा. बुडबुडे आले तर ॲसिड. सायट्रिक असेल तर जरा थांबावं लागतं, ते हळू चालतं. दुसरा थेंब हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पांढऱ्या कागदावर. तो लालसर झाला तर अल्कली. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तोच हा बदल. आमची भांड्यांची वडी हळद लाल करते, कारण तिच्यात धुण्याचा सोडा आहे. भांड्यांच्या लिक्विडने कागद पिवळाच राहिला. टरफल शांत आणि हळद पिवळी राहिली, तर सर्फॅक्टंट किंवा द्रावक. बशीत थेंब ठेवला आणि वास येऊन मागे काही न ठेवता उडाला तर द्रावक, चिकट थर राहिला तर सर्फॅक्टंट.

चिमणीच्या जाळीने मला पुन्हा जागं केलं. तेल जळून घट्ट बसलं होतं. अल्कली तेलाचा साबण करते, म्हणून कॉस्टिकच्या गरम पाण्यात बुडवायची असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यांची चिमणी स्टीलची, आमची जाळी ॲल्युमिनियमची. पावडरीच्या डब्यावर ॲल्युमिनियमची मनाई वाचली म्हणून वाचले. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम काळं पडतं, विरघळू लागतं आणि हायड्रोजन निघतो. मी गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास ठेवली आणि ब्रशने घासली. एका फेरीत नाही निघालं, तीन फेऱ्या लागल्या. महिन्यातून एकदा केलं तर एकच पुरते.

घरी काम करणाऱ्या मावशींना मी एकच नियम हात जोडून सांगितला आहे. संडासाचं ॲसिड आणि सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं ब्लीच एकाच वेळी ओतायचं नाही, कारण त्यातून क्लोरिन वायू निघतो. एकदा त्यांनी दोन्ही ओतलं होतं. वास येताच आम्ही दोघी बाहेर आलो, खिडकी उघडीच होती म्हणून बरं. आता दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात आहेत.

सध्या नळांसाठी सायट्रिकचा क्लीनर, पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुते. जास्त वेळ ठेवला तर नळाचं क्रोम खराब होण्याची भीती असते. काचेचा स्प्रे आरशाला आणि डब्यांवरच्या स्टिकरच्या डिंकाला उत्तम, पण ॲक्रिलिकच्या झाकणाला लावला तेव्हा बारीक भेगा पडल्या. ओट्यावर फक्त भांड्यांचं लिक्विड आणि पाणी. पॉलिशवाला पुढच्या महिन्यात येतोय.