सात महिने वापरल्यावर: माझ्या परफ्यूममधलं दगडफूल कुठे गेलं?

गेल्या नोव्हेंबरात बेळगावच्या खडेबाजारातून नवी बाटली आणली. सील दुकानात फोडलं, मनगटावर एक फवारा मारला आणि घरी येईपर्यंत मला काही जाणवलं नाही. बायकोला जाणवलं. दारातच म्हणाली, "अहो, हे तुमचं नाही."

२००६ पासून मी हेच परफ्यूम वापरतो. लिंबूवर्गीय सुरुवात, मध्ये लव्हेंडर आणि खाली तो ओलसर, मातकट, किंचित खारट तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास. ज्यांनी वापरलंय त्यांना आणखी सांगायला नको. मी ते घेतो तळासाठी. सकाळी शाळेत जाताना मारावं आणि संध्याकाळी शर्ट काढताना पावसाळ्यातल्या खानापूरच्या रानासारखा वास कॉलरला असावा, एवढीच अपेक्षा. नव्या बाटलीत नेमका तोच नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत उरतो धुतलेल्या कपड्यांचा, साबणासारखा स्वच्छ वास. त्यासाठी २६५० रुपये मी मोजलेले नाहीत.

पहिला संशय अर्थातच नकली मालाचा. दुकानात परत गेलो. दुकानदार मामांचं म्हणणं, "सर, सील तुमच्यासमोर फोडलंय." ते खरं होतं. बाटलीच्या तळाचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत होता, आयातदाराचं स्टिकरही व्यवस्थित होतं. मग ग्राहक सेवेला मेल. चार मेल आणि दोन फोननंतर उत्तर आलं: "नैसर्गिक घटकांमुळे बॅचगणिक किंचित फरक पडू शकतो." म्हणजे दोष लव्हेंडरच्या पिकाचा.

हे उत्तर पूर्ण खोटं नाही. लव्हेंडर किंवा पाचोलीचं तेल दर हंगामात थोडं वेगळं उतरतं. एकाच गावची गुळाची ढेप दरवर्षी तशीच कुठे लागते? पण कंपन्या वेगवेगळे लॉट मिसळून तेल ठरलेल्या वासाच्या जवळ आणतात. उरलेला फरक झाकण उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत कळतो. चार तासांनंतरचा अख्खा तळ बॅच बदलून नाहीसा होत नाही.

मी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हे तपासायचं ठरवलं. माझ्याकडे २०१४ च्या बाटलीत तळाशी थोडं शिल्लक होतं. निपाणीतल्या एका जुन्या दुकानात २०१८ ची सीलबंद बाटली मिळाली, तीही जुन्या छापील किमतीत. तिसरी ही नवी, २०२३ ची. प्रयोगशाळेतल्या फिल्टर पेपरच्या पट्ट्या कापल्या, मागे पेन्सिलीने आकडे टाकले आणि प्रत्येकीवर एकेक फवारा मारून बायकोच्या हाती दिल्या. कोणती कुठली ते तिला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्यायचा. असे पाच दिवस.

इथे मला माझं एक मत बदलावं लागलं. पहिल्या पाच मिनिटांत तिला पाचही दिवस नवी बाटलीच सर्वांत चांगली वाटली आणि २०१४ ची आंबूस. कारण साधं आहे. जवळजवळ रिकामी बाटली म्हणजे आत हवा. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनिन हवेशी संयोग पावून बिघडतं, त्यात माझी बाटली टिळकवाडीतल्या घरात दहा वर्षं खिडकीच्या फळीवर उन्हात होती. म्हणजे 'जुनं सुरुवातीपासूनच भारी होतं' हे माझं म्हणणं चुकीचं ठरलं. जुन्या उघड्या बाटलीची नव्याशी तुलना करताना सुरुवातीचा वास धरू नका, कागदावर चार तासांनंतरचा धरा. जड घटक सावकाश उडतात आणि सहसा टिकून राहतात. चार तासांनंतर २०१४ आणि २०१८ च्या पट्ट्या तिने प्रत्येक वेळी एका बाजूला ठेवल्या आणि २०२३ ची दुसऱ्या बाजूला.

मग भिंग घेऊन खोक्यांवरची घटकयादी वाचली. २०१४ आणि २०१८ च्या यादीत 'एव्हर्निया प्रुनास्ट्री एक्स्ट्रॅक्ट' आहे, २०२३ च्या यादीत नाही. ओकच्या झाडावर वाढणारं हे लायकेन, सुगंधाच्या धंद्यात त्याला ओकमॉस म्हणतात. आपल्या घरी गोड्या मसाल्यात दगडफूल असतं, तेही लायकेनच. डबा उघडून दगडफूल चुरगळा आणि वास घ्या, मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल.

अडचण अशी की ओकमॉसचा अर्क काढताना त्यातले काही पदार्थ तुटून ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल तयार होतात. हे दोन्ही रेणू त्वचेला ॲलर्जी देण्यात फार जोरदार आहेत. अगदी थोडं प्रमाणही एकदा ॲलर्जी झालेल्या माणसाला पुरळ उठवतं. सुगंध उद्योगाच्या इफ्रा या संस्थेने ओकमॉसवर आधीच मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये युरोपीय संघाने या दोन रेणूंवर बंदी आणली: ऑगस्ट २०१९ पासून असा नवा माल बाजारात आणायचा नाही आणि ऑगस्ट २०२१ नंतर विकायचाच नाही. मोठ्या कंपन्या सहसा प्रत्येक देशासाठी वेगळं मिश्रण बनवत बसत नाहीत. त्यामुळे तिकडचा नियम आपल्या खडेबाजारातल्या बाटलीत उतरतो.

यादीतून आणखी एक नाव गेलंय, 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनाल', म्हणजे लिलिआल. फुलांसारखा ओला वास देणारं रसायन. प्रजननाला घातक ठरवलं गेल्याने १ मार्च २०२२ पासून युरोपात तेही बंद. त्याची उणीव मला फारशी जाणवली नाही.

ओकमॉसची मात्र जाणवते. पर्याय दोन आहेत: ते दोन रेणू काढून टाकलेला अर्क, किंवा एव्हर्निलसारखा कृत्रिम रेणू. एव्हर्निल हा खुद्द ओकमॉसच्या वासातला मुख्य रेणू आहे, म्हणून ओळख पटते. पण अर्कात त्याच्यासोबत कितीतरी इतर घटक असतात, चामड्यासारखे, शेवाळासारखे. एकट्या रेणूचा वास कोरडा, पावडरी आणि पातळ येतो. नव्या बाटलीत नक्की काय घातलंय ते यादी सांगत नाही. बाकी सगळं 'परफ्यूम' या एका शब्दाखाली जातं.

बंदीवर माझा राग नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अशाच एका अत्तराने मानेवर चट्टे उठायचे, ते मी पाहिलंय. राग आहे तो नाव, बाटली, खोकं तेच ठेवून, किंमत वाढवून, विचारल्यावर पिकाचं कारण देण्यावर. खोक्यावर 'नवीन मिश्रण' एवढे दोन शब्द छापले असते तर मी आधी दुकानात वास घेऊन पाहिला असता.

सात महिन्यांनंतर नवी बाटली अर्धी झाली आहे. शाळेत जाताना वापरतो, उन्हाळ्यात चालते, चार तास टिकते. पुन्हा या किमतीला घेणार नाही. तुम्ही घेणार असाल तर खोक्याची यादी दुकानातच वाचा. 'एव्हर्निया' नसेल तर कागदावर मारून, चार तास खिशात ठेवून मग ठरवा. २०१८ ची बाटली मी खोक्यात घालून लोखंडी कपाटात, खालच्या खणात ठेवली आहे. बायको ती फक्त लग्नकार्याला काढू देते.